जुन्या व्हिडिओची पाटी बदला, पण आधी दार तपासा

यूट्यूबवर वाहिनी चालवणाऱ्या बहुतेकांकडे दोन-तीन वर्षांपूर्वीचे असे काही व्हिडिओ असतातच, ज्यांवर मेहनत पुष्कळ झाली, पण पाहणारे थोडेच आले. त्यावर हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो. शीर्षक बदला, थंबनेल बदला, खालचा मजकूर नव्याने लिहा, व्हिडिओ पुन्हा धावू लागेल. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. या तीन गोष्टी म्हणजे दुकानाची पाटी. गिऱ्हाईक पाटी वाचून पुढे निघून जात असेल, तर पाटी बदलून उपयोग होतो. आत येऊन लगेच परत फिरत असेल, तर पाटीचा दोष नाही. म्हणून सरसकट सगळ्या जुन्या व्हिडिओंची रंगरंगोटी करण्यापेक्षा योग्य चार-पाच व्हिडिओ निवडावेत, असे माझे मत आहे.

बदल केल्याने नेमके काय होते?

शीर्षक बदलले की यूट्यूब त्या व्हिडिओला नवा समजून पुढे ढकलते, असा एक समज आहे. तसे होत नाही. यूट्यूबचे स्वतःचे म्हणणे असे, की बदलानंतर आकडे हलले तर ते प्रेक्षकांची प्रतिक्रिया बदलल्यामुळे हलतात, बदल केला म्हणून नव्हे. चित्र आणि शब्द वेगळे दिसले, जास्त लोकांनी बोट ठेवले, आत येऊन थांबले, तर यंत्रणा तो व्हिडिओ आणखी लोकांना दाखवते. यातली एकही पायरी गळली, तर शीर्षक कितीही सुंदर असले तरी गाडी तिथेच अडते.

याचीच दुसरी बाजू अशी, की जो व्हिडिओ बरा चालला आहे त्याला हात लावू नये. लोकांना जे रुचले आहे ते बदलून फायद्यापेक्षा तोट्याची शक्यता जास्त.

आधी तीन आकडे

यूट्यूब स्टुडिओच्या अॅपमध्ये एखादा व्हिडिओ उघडून अॅनालिटिक्समध्ये गेलात, की तीन गोष्टी बघायच्या. पहिली, इम्प्रेशन्स. म्हणजे तुमचे थंबनेल किती वेळा लोकांसमोर आले. किमान निम्मे चित्र किमान एक सेकंद दिसले, तरच ते मोजले जाते. दुसरी, क्लिक-थ्रू रेट. म्हणजे समोर आल्यावर शंभरात कितींदा व्हिडिओ उघडला गेला. यूट्यूबवरील निम्म्या वाहिन्या आणि व्हिडिओंचा हा दर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो, पण खरी तुलना स्वतःच्याच इतर व्हिडिओंशी करावी. तिसरी, प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख.

आता निदान सोपे होते. इम्प्रेशन्स बऱ्यापैकी आहेत, आत आलेले लोक टिकतात, पण उघडणारे कमी, तर दोष पाटीचा. हाच व्हिडिओ हाती घ्यावा. लोक टिकतात, पण इम्प्रेशन्सच नाहीत, तर लोक ज्या शब्दांनी शोधतात ते शब्द तुमच्या शीर्षकात आणि मजकुरात आहेत का, ते पाहावे. आणि उघडणारे पुष्कळ, पण पहिल्या अर्ध्या मिनिटात आलेख कड्यावरून कोसळावा तसा खाली जात असेल, तर पाटी बदलण्यात वेळ घालवू नये. यूट्यूबवर जुन्या दुव्यावर नवी फाइल चढवता येत नाही. फार तर लांबलेली सुरुवात स्टुडिओच्या संपादकात कापता येते. त्यानेही भागले नाही, तर तो विषय नव्याने चित्रित करावा.

उदाहरण मोदकांचे

समजा, उकडीच्या मोदकांचा नऊ मिनिटांचा एक जुना व्हिडिओ आहे. शीर्षक असे: ‘गणपती स्पेशल | आजीच्या हातची पारंपरिक रेसिपी | भाग ३ | उकडीचे मोदक’. थंबनेलवर तयार मोदकांचे ताट, वर वाहिनीचे नाव आणि सात-आठ शब्द. लोक टिकतात, क्लिक-थ्रू रेट मात्र अडीच टक्के.

पहिली चूक शीर्षकाच्या क्रमात आहे. यूट्यूब १०० अक्षरांपर्यंत शीर्षक घेते, पण फोनवर त्याच्या पहिल्या दोनेक ओळीच दिसतात. मुख्य शब्द ‘उकडीचे मोदक’ शेवटी टाकल्याने तोच कापला जाण्याचा धोका. ‘भाग ३’ तर पहिले दोन भाग न पाहिलेल्या माणसाला परतच पाठवतो.

नवे शब्द कुठून आणायचे? व्हिडिओतूनच. आलेखात चौथ्या मिनिटाला उंचवटा दिसतो, म्हणजे लोक तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहतात. तिथे काय आहे? उकड गरम असतानाच तूप-पाण्याचा हात लावून कशी मळायची, ते. खाली प्रतिक्रियांमध्येही एकच प्रश्न वारंवार येतो: मोदक वाफवताना फुटतात, काय करू? म्हणजे या व्हिडिओचे खरे मोल आजीच्या आठवणीत नसून त्या अडचणीच्या उत्तरात आहे. मग शीर्षक होते: ‘उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून उकड अशी मळा’.

थंबनेलही त्याच प्रश्नाचे असावे. एका बाजूला फुटलेला मोदक, दुसऱ्या बाजूला नीट कळ्यांचा अख्खा मोदक, आणि शब्द दोनच: ‘का फुटतात?’ फोनवर हे चित्र काडेपेटीएवढे दिसते. त्या आकारात देवनागरीच्या मात्रा आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात, म्हणून तीन-चार शब्दांपलीकडे जाऊ नये. उजवा खालचा कोपराही मोकळा ठेवावा, कारण तिथे व्हिडिओची लांबी छापली जाते.

राहिला खालचा मजकूर. तो ५,००० अक्षरांचा असू शकतो, पण उघडल्याशिवाय दिसतात त्या सुरुवातीच्या थोड्या ओळीच. तिथे वाहिनीची ओळख देण्याऐवजी या व्हिडिओत काय मिळेल ते साध्या वाक्यात लिहावे. आपले बरेच लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधतात. ट्रॅफिकच्या तक्त्यात यूट्यूब सर्चवर बोट ठेवले की लोकांनी नेमके काय टाइप केले ते दिसते. तिथे `ukadiche modak` आढळले, तर ते मजकुरात एकदा, वाक्याच्या ओघात यावे. त्याच शब्दांची पन्नास वेळा माळ ओवू नये. टॅगचाही फारसा उपयोग नाही. ज्या शब्दाचे स्पेलिंग लोक हमखास चुकवतात, तिथेच ते थोडे कामी येतात. त्यापेक्षा प्रकरणे द्यावीत:

```
00:00 साहित्य आणि प्रमाण
01:20 सारण
03:50 उकड मळताना काय चुकते
06:10 पारी आणि कळ्या
08:00 वाफवणे
```

पहिली वेळ 00:00 हवी, किमान तीन नोंदी चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा हवा. नाहीतर प्रकरणे दिसतच नाहीत.

श्रेय कोणाला, पाटीला की बाप्पाला?

इथेच सर्वांत मोठी फसगत होते. ऑगस्टमध्ये शीर्षक बदलले, सप्टेंबरमध्ये प्रेक्षक तिप्पट झाले, म्हणून लोक खूश होतात. पण मोदकाचा व्हिडिओ गणपतीच्या तोंडावर तसाही चालतो. तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या गणपतीशी करावी, तीही इंग्रजी तारखेने नव्हे. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. त्यामुळे चतुर्थीच्या आधीचे १४ दिवस विरुद्ध चतुर्थीच्या आधीचे १४ दिवस, अशी जोडी लावावी.

आपल्या उदाहरणात समजा, जुन्या पाटीने त्या १४ दिवसांत ६,००० इम्प्रेशन्स आणि अडीच टक्के दर, म्हणजे १५० प्रेक्षणे मिळाली. नव्या पाटीने ९,००० इम्प्रेशन्स आणि चार टक्के, म्हणजे ३६०. वाढ २१० ची. पण दर जुनाच राहिला असता, तरी ९,००० वर २२५ मिळालीच असती. म्हणजे ७५ ची वाढ जास्त लोकांसमोर गेल्याची आणि उरलेली १३५ जास्त लोकांनी उघडल्याची. पाटीचे थेट श्रेय या १३५ चे. आणि हे लोक पूर्वीइतकेच टिकले, तरच ते खरे. व्हॉट्सअॅपवरच्या दुव्यावरून आलेले प्रेक्षक या हिशेबात नसतात, कारण बाहेरच्या ठिकाणी दिसलेले थंबनेल इम्प्रेशन्समध्ये मोजले जात नाही.

उलटही घडते. व्हिडिओ चालू लागला की तो अनोळखी लोकांपुढे जातो, त्यातले कमी लोक उघडतात आणि दर खाली येतो. एकूण प्रेक्षक वाढत असताना दर घसरला, म्हणून घाबरून पाटी पुन्हा बदलू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तारीख वहीत लिहावी, जुने शीर्षक आणि जुने चित्र जपून ठेवावे. संगणकावरील स्टुडिओत एका व्हिडिओसाठी तीन थंबनेल एकाच वेळी चाचणीला लावण्याची सोय आहे. तिथे विजेता ठरतो तो पाहण्याच्या वेळेवर, नुसत्या क्लिकवर नाही. पण जुन्या, मंद व्हिडिओवर प्रेक्षकच कमी असतील, तर ही चाचणीही ठाम उत्तर देऊ शकत नाही.

वर्ष बदलणे म्हणजे नूतनीकरण नव्हे

मोदक कसे करायचे हे दरवर्षी बदलत नाही. सरकारी योजना, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विमा यांचे नियम आणि मुदती बदलतात. अशा व्हिडिओच्या शीर्षकातले फक्त वर्ष बदलून तो ‘ताजा’ करण्याची चाल सर्रास दिसते. त्यावर विसंबून एखादा शेतकरी चुकीची कागदपत्रे घेऊन केंद्रावर जातो किंवा मुदत गेल्यावर पोहोचतो. व्हिडिओ वाढतो, माणूस बुडतो. व्हिडिओत जे नाही त्याचे आश्वासन देणाऱ्या शीर्षकांवर, विशेषतः ताज्या घडामोडींबाबत, भारतात कारवाई कडक करण्याचे यूट्यूबने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आहे. पण ती भीती नसती, तरी उत्तर हेच असते. अशा व्हिडिओचे जुने वर्ष शीर्षकात तसेच ठेवावे, खालच्या मजकुराच्या पहिल्या ओळीत ‘ही माहिती त्या वर्षाची आहे’ असे लिहावे आणि नवा व्हिडिओ करून त्याचा दुवा तिथेच द्यावा. जुन्याकडे येणारी वाट मग नव्याकडे वळते, आणि आलेला माणूस योग्य माहिती घेऊन जातो.