हृदयावरचा व्रण कुठे आहे?

‘पंपिंग तीस टक्के’ असा इकोचा रिपोर्ट हाती आला की घरात एकच प्रश्न उठतो : नळी बंद आहे का? पण हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचे ते एकच कारण नाही. कारण कोणते, हे ओळखायला हृदयाचा एमआरआय चांगली साथ देतो.

या तपासणीत शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात. जिवंत पेशींच्या आत ते शिरत नाही. जिथे पेशी मरून व्रण झाला आहे तिथे मोकळी जागा जास्त असते, म्हणून औषध तिथे साठते आणि उशिरा निघते. दहा-पंधरा मिनिटांनी चित्र घेतले की निरोगी स्नायू काळा आणि व्रण पांढरा दिसतो.

आता खरी गोष्ट त्या पांढऱ्या डागाच्या जागेची. हृदयाच्या रक्तनळ्या बाहेरच्या पृष्ठभागावरून येतात आणि आत उतरतात. नळी बंद पडली की सर्वात आतला थर आधी मरतो, मग नुकसान बाहेरच्या बाजूला सरकते. म्हणून झटक्याचा व्रण आतल्या थराला धरून असतो आणि एकाच नळीच्या हद्दीत बसतो. आतला थर शाबूत आणि डाग भिंतीच्या मध्यभागी किंवा बाहेरून असेल, तर कारण बहुधा दुसरे असते.

समजा, चौपन्न वर्षांच्या एका गृहस्थांना धाप लागते. पंपिंग तीस टक्के. अँजिओग्राफीत उजव्या नळीत साठ टक्के अडथळा. घरचे म्हणणार, स्टेंट टाकून मोकळे होऊ. पण एमआरआयमध्ये उजव्या नळीच्या हद्दीत व्रण नाहीच. दोन्ही कप्प्यांमधल्या पडद्याच्या मधोमध मात्र पांढरी रेघ आहे. म्हणजे हा बहुधा स्नायूचाच आजार, आणि अडथळा शेजारी उभा असलेला साक्षीदार. स्टेंटने छातीतले दुखणे कमी होईल, पण पंपिंग वाढेल अशी आशा धरू नये. औषधे नियमित हवीत. असा आजार कधीकधी घराण्यात चालतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने भावंडांचा आणि मुलांचा इको करून घ्यावा, मुलींचाही. त्या रेघेमुळे ठोके धोकादायकरीत्या बिघडण्याची शक्यता वाढते, हेही डॉक्टरांना विचारावे.

उलटेही घडते. लंडनमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नळ्या मोकळ्या असलेल्या अशा 63 रुग्णांपैकी 13 टक्क्यांच्या हृदयात झटक्यासारखाच आतल्या थराचा व्रण सापडला. गाठ विरघळून नळी पुन्हा उघडली असावी, स्नायू मात्र गेला. त्याच अभ्यासात 59 टक्क्यांत व्रण दिसलाच नाही. म्हणून ‘डाग नाही’ म्हणजे ‘आजार नाही’ असे नव्हे. सगळीकडे बारीक पसरलेला तंतुमय बदल या चित्रात सुटतो, कारण शेजारच्या काळ्या स्नायूशी तुलना करूनच पांढरे ओळखता येते.

मूत्रपिंड फार कमजोर असेल किंवा पेसमेकर बसवला असेल, तर ते तपासणीच्या आधी सांगावे. श्वास रोखायला जमत नसेल तेही, कारण चित्र हलले की डाग ओळखता येत नाही.