तक्ता संपलाय की नुसता थांबलाय?

प्रोजेक्टच्या ग्रुपवर एक तक्ता येऊन पडतो. कुणीतरी कुठूनतरी कॉपी करून पेस्ट केलेला. खाली चार ‘थँक्स’, दोन अंगठे, आणि अर्ध्या तासात त्याचा बार चार्टही तयार. या सगळ्या गडबडीत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही, तो म्हणजे हा तक्ता संपलाय की मध्येच थांबलाय? कुणी विचारलाच तर ‘किती कीस पाडतोस यार’ हे ऐकावं लागतं. मी मात्र त्या कीस पाडणाऱ्याच्या बाजूने आहे. कारण मधली एखादी चौकट रिकामी असली तर ती डोळ्यांत खुपते, पण खालच्या पंधरा ओळी गायब असल्या तर काहीच खुपत नाही. उरलेला तक्ता छान, नीटनेटका दिसत राहतो.

एक उदाहरण घेऊन बघू. २०११च्या जनगणनेतली महाराष्ट्राची जिल्हावार लोकसंख्या. तीन रकाने: जिल्ह्याचा कोड, नाव, लोकसंख्या. जनगणनेच्या यादीत आपले जिल्हे नंदुरबारपासून सुरू होतात, त्याचा कोड ४९७. समजा, ग्रुपवर आलेल्या तक्त्याचा शेवट असा आहे:

```
514  जालना     1959046
515  औरंगाबाद  3701282
516  नाशिक     6107
```

शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचा. नाशिक जिल्ह्यात ६,१०७ माणसं? खरा आकडा ६१,०७,१८७ आहे. पेस्ट होताना मजकूर त्या आकड्याच्या ऐन मध्यात कापला गेला आणि उरलेले चार अंकही एक धडधाकट संख्या बनून बसले. एक्सेल बिचारं काय करणार, त्याने ती निमूटपणे धरली. आता या तक्त्याला विचारलं की सगळ्यात कमी लोकसंख्येचा जिल्हा कोणता, तर उत्तर येईल नाशिक. सगळ्यात मोठा कोणता? नागपूर. प्रत्यक्षात २०११मध्ये सगळ्यात मोठा होता ठाणे, एक कोटी दहा लाखांच्या वर, आणि सगळ्यात लहान सिंधुदुर्ग, साडेआठ लाखांचा. हे दोन्ही जिल्हे या तक्त्यात नाहीतच.

म्हणून सगळ्यात आधी शेवटची ओळ बघायची. आपण तक्ता वरून वाचायला लागतो आणि दहाव्या ओळीनंतर कंटाळतो, पण तुटल्याची खूण असते ती तळाशी. आकड्यात अंक कमी आहेत का, नाव अर्धवट आहे का, आधीच्या ओळीत तीन रकाने आणि या ओळीत दोनच असं आहे का? शेवट अधल्यामध्ये झाला असेल तर बहुतेक वेळा अक्षरांच्या मर्यादेने मजकूर छाटलेला असतो. पण शेवट स्वच्छ दिसला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. अनेक वेबसाइट एका पानावर १०, २५ किंवा ५० ओळीच दाखवतात आणि पुढच्या बघायला ‘नेक्स्ट’ दाबावं लागतं. कॉपी होतं ते फक्त समोर दिसणारं पान. त्यामुळे तक्ता बरोबर २५ किंवा ५० ओळींवर संपत असेल तर मला तो योगायोग वाटत नाही.

आता खरी मेख. बरेच जण म्हणतात, ‘मी चेक केलं, मध्ये गॅप नाहीये.’ म्हणजे काय केलं? कोड ४९७ ते ५१६, म्हणजे २० असायला हवेत. ओळी मोजल्या, २०च भरल्या. एकही कोड सुटलेला नाही, एकही दोनदा आलेला नाही. सगळं ओके! पण ही तपासणी मधली गळती पकडते, शेपटाकडची नाही. जे शेपूट तुटलं त्याबरोबर ‘खरा शेवट कुठे होता’ ही माहितीही गेली. तुटलेला तक्ता स्वतःशी कधीच भांडत नाही. तो तुटलाय हे कळायला तक्त्याच्या बाहेरची किमान एक संख्या हातात लागते. आणि गंमत बघा, आपल्याकडे ‘एकूण’ची ओळ लिहितात सगळ्यात खाली. म्हणजे शेपूट तुटलं की साक्षीदारही त्याच्याबरोबर जातो.

बाहेरच्या संख्या दोनच पुरतात: ओळी किती असायला हव्यात आणि बेरीज किती यायला हवी. २०११मध्ये महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते आणि राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. शीटमध्ये कोड पहिल्या रकान्यात आणि लोकसंख्या तिसऱ्यात असेल तर एवढंच लिहायचं:

```
=COUNT(A2:A60)
=SUM(C2:C60)
```

पहिलं उत्तर येतं २०. म्हणजे १५ ओळी नाहीत. दुसरं येतं ४,२९,८२,७८३. म्हणजे जवळपास सात कोटी माणसं हिशेबात नाहीत. (COUNTचं उत्तर शून्य आलं तर घाबरू नका. पेस्ट करताना कोड संख्या म्हणून न येता मजकूर म्हणून आलेत, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा COUNTA वापरा. पण लोकसंख्येचा रकानाही मजकूर झाला नाही ना, हे तेव्हाच बघून घ्या, नाहीतर SUM त्यातले आकडे गुपचूप सोडून देतो.)

दोन्ही तपासण्या लागतात, कारण दोन्ही वेगवेगळी चूक पकडतात. नाशिकची ओळ मोजणीत अगदी बरोबर धरली जाते, ओळ आहे ना! तिथला तुटलेला आकडा फक्त बेरजेत सापडतो.

‘ठीक आहे, २० जिल्हे तर मिळाले, त्यांची सरासरी काढून बाकीचे धरू,’ हा सल्ला ग्रुपवर हमखास येतो. करून बघू. नाशिकचा आकडा दुरुस्त केला तर २० जिल्ह्यांची बेरीज ४,९०,८३,८६३, सरासरी सुमारे साडेचोवीस लाख. उरलेल्या १५ जिल्ह्यांना तीच लावली तर होतात तीन कोटी ६८ लाख. प्रत्यक्षात त्या १५ जिल्ह्यांत सहा कोटी ३३ लाख लोक होते. अंदाज थेट अडीच कोटींहून जास्त चुकला. कारण गायब झालेले १५ जिल्हे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. यादी नंदुरबार-धुळ्याकडून सुरू होते, विदर्भाचे अकराही जिल्हे घेत मराठवाड्यात येते, मग नाशिक, आणि त्यानंतर ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई, रायगड, पुणे असं करत सांगलीला, कोड ५३१वर संपते. म्हणजे नाशिकला तुटलेल्या तक्त्यात अख्खं कोकण नाही, दोन्ही मुंबई नाहीत, पुणे नाही. ओळी ४३ टक्के गेल्या, माणसं ५६ टक्के गेली. तक्ता कुठल्या क्रमाने लावलाय हे कळलं की कोण गायब आहे याचा वास लागतो. गुणांच्या उतरत्या क्रमाने लावलेली यादी तुटली तर कमी गुणवाले जातात, तारखेने लावलेली तुटली तर बहुतेक वेळा सगळ्यात ताजी माहिती जाते.

हे कॉलेजच्या प्रोजेक्टपुरतं आहे असं वाटत असेल तर इंग्लंडमध्ये २०२० साली काय झालं ते बघा. कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेकडे फाइलींमधून यायचे आणि तिथे ते एक्सेलच्या जुन्या XLS प्रकारात ओढले जायचे. त्या प्रकारात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. ओळी भरल्या आणि पुढचे निकाल सांडत राहिले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यात आलेच नाहीत. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधणाऱ्या यंत्रणेपर्यंत ही नावं वेळेत पोहोचली नाहीत. कुठलीही चौकट लाल झाली नव्हती. आलेल्या आणि चढवलेल्या निकालांची संख्या रोज शेजारी-शेजारी ठेवून पाहिली असती, तर फरक पहिल्याच दिवशी दिसला असता.

आपल्या तक्त्याकडे परत येऊ. किती गेले ते कळलं, पण नेमके कोणते गेले? त्यासाठी ३५ कोडांची पूर्ण यादी वेगळ्या रकान्यात, समजा F मध्ये, ठेवा आणि शेजारी हे लिहून खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF(A:A,F2)
```

जिथे ० येईल तो कोड आपल्याकडे नाही. २ आला तर तो दोनदा पेस्ट झालाय. इथे आपली तक्रार फक्त शेपटाची असली तरी हे करून घ्याच, कारण दोन पानं वेगवेगळी पेस्ट करताना मधली एखादी ओळही निसटते.

जुळवणी कोडाने करा, नावाने नको. २०११च्या तक्त्यात औरंगाबाद आहे, तुमच्या नव्या यादीत छत्रपती संभाजीनगर असेल. इंग्रजीत बीड कुठे Bid तर कुठे Beed. नावाने जुळवायला गेलात की असलेले जिल्हेही नसलेले दिसतात. आणखी एक सापळा पालघरचा. आजची ३६ जिल्ह्यांची यादी घेऊन २०११चा तक्ता तपासला तर पालघर ‘गायब’ निघेल आणि तुम्ही तो शोधत बसाल. तो जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याची माणसं ठाण्याच्या आकड्यातच आहेत. पडताळणीची यादी तक्त्याच्याच सालातली हवी.

माझा आग्रह खरंतर तक्ता पाठवणाऱ्याकडे आहे. पेस्ट करण्याआधी वर एक ओळ टाइप करा: ‘३५ ओळी, बेरीज ११,२३,७४,३३३, शेवटची ओळ सांगली.’ दहा सेकंदांचं काम आहे. ही ओळ वरच असायला हवी, खाली लिहिलीत तर तीही तुटून जाईल. आणि तक्ता घेणाऱ्यांनी ‘अरे, पूर्ण पाठव ना’ असं मोघम लिहू नये. पाठवणारा तीच कॉपी पुन्हा पेस्ट करतो आणि ती पुन्हा नाशिकलाच तुटते. त्याऐवजी असं लिहा: ‘५१६ नाशिकचा आकडा अर्धवट आलाय. तो आणि ५१७ ठाणे ते ५३१ सांगली या १५ ओळी पाठव, जमलं तर फाइलच दे.’ नव्या ओळी आल्या की त्या खाली जोडायच्या, नाशिकची जुनी ओळ काढून टाकायची आणि वरची बेरीज पुन्हा बघायची. ११,२३,७४,३३३ आली की मग बार चार्ट काढा.