शंका वेळींच विचारावी

अमेरिकेंतील एका विद्यापीठांत गणित शिकविणाऱ्या अध्यापकांनीं आपल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांस लिहिलेलें एक पत्र आमच्या वाचनांत आलें. तिकडे अध्यापक आठवड्यांतून कांहीं ठराविक तास केवळ विद्यार्थ्यांच्या शंकांसाठीं आपल्या खोलींत बसतात. त्यांस ‘ऑफिस अवर्स’ म्हणतात. परंतु आरंभीं ती खोली रिकामी असते व परीक्षेच्या आदल्या दिवशीं दाराशीं रांग लागते, असें ते लिहितात.

विलंबानें काय होतें, याचें त्यांचें उदाहरण मार्मिक आहे. एका विद्यार्थ्याचीं कलनशास्त्राचीं उत्तरें सतत चुकत. फळ्यावर गणित सोडवावयास लावतांच दोष दिसला. ९ व १६ यांच्या बेरजेचें वर्गमूळ ५ येतें. तो मात्र दोहोंचीं मुळें निरनिराळीं काढून ३ व ४ मिळून ७ धरी. दोष शाळेंतील बीजगणितांत होता! दुसऱ्या आठवड्यांत तो दहा मिनिटांत निघता. सत्राच्या शेवटीं कळल्यामुळें पुढचीं सर्व प्रकरणें पुन्हां करावीं लागलीं.

म्हणून ते सांगतात, ‘कांहींच समजत नाहीं’ असें म्हणत येऊं नका. अर्धवट सोडविलेला कागद आणा व ज्या ओळीपाशीं अडलांत तिच्यावर खूण करा. अर्धा तास खटपट करूनही ती ओळ सुटली नाहीं, तर तोच येण्याचा दिवस.

आमच्या घरांतून तिकडे जाणारीं मुलें वडीलधाऱ्यांपुढें गप्प बसावयास शिकलेलीं असतात. तेथें त्या मौनाचा अर्थ ‘अडचण नाहीं’ असा होतो. निघण्यापूर्वीं एवढें त्यांस अवश्य सांगावें.