कर्जत नेमकं कुठलं?

व्हॉट्सअ‍ॅपवर धंद्याची चौकशी येणं आता नित्याचं झालं आहे. आलेली चौकशी योग्य विक्री प्रतिनिधीच्या हातात पडणं मात्र अजून बहुतेक ठिकाणी नशिबावर सोडलेलं असतं. समजा, एक व्यापारी पाण्याचे पंप, सोलर वॉटर हीटर आणि इन्व्हर्टर विकतो, आणि त्याचे प्रतिनिधी जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले आहेत. ‘कर्जतला पंप हवा आहे, भाव सांगा,’ असा मेसेज येतो. ऑफिसातला माणूस तो रायगडच्या प्रतिनिधीला पाठवतो. ग्राहक असतो अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचा. चूक उघडकीला येईपर्यंत दुपार उलटते, मेसेज दुसऱ्याकडे जातो, तो माणूस वाटेत असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळेपणाने लिहिता येतं. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला साचेबद्ध मेसेजच पाठवावा लागतो. म्हणजे चुकीच्या वाटणीत दिवस गेला की संवादाचं दारच अरुंद होतं. म्हणून माझं म्हणणं असं की वाटणीची शिस्त प्रतिनिधींच्या यादीपासून नव्हे, ग्राहकाला विचारायच्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

मालाचा प्रश्न सोपा आहे. तीन प्रकारचा माल असेल तर मेसेजखाली तीन बटणं देता येतात, आणि तीनच ही तिथली मर्यादा आहे. ग्राहक पंपाच्या जाहिरातीवरून आला असेल तर कोणत्या जाहिरातीवरून आला ही माहिती मेसेजसोबतच येते. त्याला पुन्हा ‘काय हवं?’ विचारणं म्हणजे दुकानात शिरलेल्याला दारातच अडवणं. खरी अडचण गावाची आहे. यादीच्या मेसेजमध्ये जास्तीत जास्त दहा ओळी मावतात आणि महाराष्ट्रात जिल्हे आहेत ३६, त्यामुळे बरेच जण ‘इतर’च्या ओळीत जाऊन पडतात. गावाचं नाव लिहायला सांगावं तर खेड पुणे जिल्ह्यातही आहे आणि रत्नागिरीतही. औरंगाबाद लिहिणारे आणि छत्रपती संभाजीनगर लिहिणारे एकाच शहरातले असतात. मोबाइल नंबरवरून ठिकाण ओळखण्याचा मार्ग तर २०१५ मध्ये देशभर नंबर पोर्ट करता येऊ लागले तेव्हापासून भरवशाचा उरलेला नाही.

म्हणून पिनकोड विचारावा, आणि तोही नेमक्या शब्दांत: ‘पंप जिथे बसवायचा आहे तिथला पिनकोड लिहा.’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण मुंबईत नोकरी करणारा माणूस कोकणातल्या घरासाठी पंप घेत असतो. ‘तुमचं शहर कोणतं?’ या प्रश्नाला तो खरं उत्तर देईल, ‘मुंबई’, आणि वाटणी तरीही चुकेल. पिनकोड वाचतानाही सहाच्या सहा आकडे वाचले पाहिजेत. पहिल्या तीन आकड्यांवर भागवलं तर ४१०२०६ चं पनवेल आणि ४१०५०१ चं चाकण एकाच माणसाकडे जाईल. रायगडातलं कर्जत ४१०२०१ आणि अहिल्यानगरातलं ४१४४०२. हा एक पिनकोड आला असता तर वर सांगितलेला घोळ झालाच नसता.

यावर पहिला आक्षेप असा की खेड्यातल्या माणसाला पिनकोड पाठ नसतो. खरं आहे. त्याने गावाचं नाव लिहिलं तर ते स्वीकारावं, फक्त ती चौकशी आपोआप पुढे न ढकलता ऑफिसातल्या माणसासमोर ठेवावी. त्याने ‘तालुका, जिल्हा कोणता?’ एवढंच विचारायचं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पिनकोडची हद्द आणि प्रतिनिधीचा इलाखा जुळतोच असं नाही. तिथे वाद घालत बसू नये. सीमेवरचा प्रत्येक पिनकोड एकाच्या नावावर लिहून टाकावा, कारण दोघांकडे गेलेली चौकशी बहुधा कोणाचीच राहत नाही. जुना ग्राहक असेल तर मात्र माल आणि गाव पाहण्याआधी त्याचा जुना प्रतिनिधी पाहावा. इन्व्हर्टर ज्याने बसवला त्याच्याशीच त्या घराला बोलायचं असतं. आणि ज्याच्याकडे चौकशी गेली त्याने ठरलेल्या वेळात, समजा अर्ध्या तासात, उत्तर दिलं नाही तर ती त्याच्या वरिष्ठाकडे गेलीच पाहिजे.

दोन-तीन माणसांच्या दुकानाला एवढं सगळं लागत नाही, एकाने वाचून वाटलं तरी चालतं. पण पिनकोडचा प्रश्न तिथेही पहिल्या दिवसापासून विचारावा. व्यवस्था बरोबर चालली आहे का हे किती मेसेज आले यावरून कळत नाही. एका प्रतिनिधीकडून दुसऱ्याकडे सरकवाव्या लागलेल्या चौकशा दर आठवड्याला काढून बघाव्यात. त्याच त्या पिनकोडवर त्या वारंवार दिसल्या तर यादी चुकली आहे. ‘माल वेगळाच हवा होता’ या कारणाने दिसल्या तर बटणांवरचे शब्द चुकले आहेत. प्रतिनिधीला बोल लावण्याआधी या दोन गोष्टी तपासणं मालकाचं काम आहे.