गळती एक, नोटीसही एकच

मंडळी, पावसाळ्यात आपण बिल्डरला सुटी पत्रं धाडली. उत्तरंही सुटी आली. एकाला सांगितलं, ‘तुम्ही टाइल्स बदलल्यात’. दुसऱ्याला, ‘वरच्यांचा नळ गळतोय.’ गच्चीचं वॉटरप्रूफिंग फसलंय हे कुणाच्याच पत्रातून दिसेना, कारण प्रत्येकाने आपल्यापुरतं छत पाहिलं. एकाच नोटिशीत फ्लॅटवार तक्ता आणि फोटो जोडले, की एकाच गच्चीखालची ओली घरं ओळीने समोर येतात. मग ‘तुमच्याच घरात कसं?’ हा प्रश्न उरत नाही.

रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार, ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. सुट्या पत्रांत हे 30 दिवस प्रत्येकाचे वेगळे, शिवाय निम्म्यांकडे पोचपावतीच नाही. एका नोटिशीला पोचपावती एक, मुदतही एकच. ताब्याच्या तारखा मात्र वेगवेगळ्या आहेत, म्हणून त्या तक्त्यात हव्यातच. ज्यांची 5 वर्षं संपत आलीत त्यांनी तर आजच सही करावी.

उशिरा ताब्याचं व्याज या नोटिशीत कोंबू नका. तो हिशेब ज्याच्या-त्याच्या करारावर चालतो, आणि बिल्डरला वाद भरकटवायला आयतंच निमित्त मिळतं.