पित्त म्हणजे ‘बाइल’ नव्हे, आणि ‘अ‍ॅसिडिटी’सुद्धा नव्हे

तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी दुभाष्याचं काम केलं असणार. आई-बाबा किंवा सासू-सासरे काही महिन्यांसाठी इकडे आलेले असतात, त्यांना बरं वाटेनासं होतं, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर ते म्हणतात, “पित्त झालंय.” तुम्ही क्षणभरही न थांबता सांगता, ‘अ‍ॅसिडिटी’. डॉक्टर मान डोलावतात, आम्ल कमी करणारी गोळी लिहून देतात आणि पुढच्या रुग्णाला बोलावतात.

माझं म्हणणं असं आहे की त्या क्षणी तुम्ही भाषांतर केलेलंच नसतं. तुम्ही निदान केलेलं असतं, आणि ते डॉक्टरांच्या आधी केलेलं असतं.

मराठीत पित्ताची किती रूपं आहेत ते बघा. घशाशी आंबट येतं ते पित्त. कपाळ ठणकतं, उजेड नकोसा होतो आणि उलटी झाली की बरं वाटतं, तेही पित्त. अंगावर लाल गांधी उठतात आणि आजी आमसूल चोळायला सांगते, तेही पित्तच. पहिल्याला इथले डॉक्टर आम्लपित्त म्हणतील, दुसऱ्याला बहुधा मायग्रेन, तिसऱ्याला अ‍ॅलर्जी. कोणी शब्दकोश उघडून ‘बाइल’ म्हणालं तर चौथीच दिशा लागेल, कारण मग पित्ताशयातले खडे शोधण्यासाठी सोनोग्राफी होईल. एकाच शब्दातून चार वाटा फुटतात आणि त्यातली कुठली धरायची हे दुभाषी ठरवतो, तेही रुग्णाला एक प्रश्न न विचारता.

हे नुसतं शब्दांचं खुसपट नाही. नवीन प्रतिजैविक सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी ‘पित्त उठलं’, आणि मुलीने ते ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून सांगितलं, तर औषधाच्या अ‍ॅलर्जीची नोंदच होत नाही. पुढच्या वेळी तेच औषध दिलं जातं. त्याहून गंभीर शक्यता छातीतल्या जळजळीची. हृदयविकाराचा झटका दरवेळी सिनेमातल्यासारखा छाती धरून कोसळवत नाही. विशेषतः मधुमेह असलेल्यांत, वयस्करांत आणि बायकांत तो मळमळ, थंड घाम, दम लागणं, पोटाच्या वरच्या भागात जळजळ अशा रूपात येऊ शकतो. सत्तरीच्या मधुमेही काकू “सकाळपासून पित्त खवळलंय” म्हणतात, तेव्हा त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या भाषेत त्या भावनेला तोच शब्द आहे. चूक होते ती पुढच्या वाक्यात, जिथे आपण त्या शब्दाला इंग्रजी रोगाचं नाव चिकटवतो.

म्हणून दवाखान्यात ‘पित्त’ या शब्दाचं भाषांतर करूच नका. त्याऐवजी विचारा: नक्की काय होतंय? कुठे? कधीपासून? जेवल्यावर वाढतं की जिना चढल्यावर? घाम आला का? दुखणं जबड्यात किंवा हातात जातंय का? अंगावर काही उठलंय का? आणि मिळालेली उत्तरं जशीच्या तशी सांगा. तपासून पाहायची सोपी खूण अशी: तुमचं इंग्रजी वाक्य ऐकून डॉक्टरांना रुग्णाच्या शरीरात काय चाललंय ते कळतंय, की रुग्णाने स्वतःला कोणता रोग झालाय असं मानलंय एवढंच कळतंय? दुसरं होत असेल तर पुन्हा सांगा. शक्य असेल तिथे व्यावसायिक दुभाषा मागा. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या मार्गदर्शक सूचनाही घरच्या माणसांवर विसंबू नका असंच सांगतात.

आता दुसरी बाजू. आयुर्वेदाबद्दल इंग्रजीत लिहिताना, बोलताना किंवा वाचताना याच्या नेमकं उलट वागायला हवं. तिथे ‘पित्त’ हा शब्द ठेवायचा आणि त्याला इंग्रजी पर्याय शोधण्याचा मोह टाळायचा.

माझं रोजचं काम पित्ताम्लांवर चालतं, म्हणून हे जरा आतून सांगते. ‘बाइल’ ही एक ठोस वस्तू आहे. पिवळसर हिरवा द्रव. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर बनवतं. पित्ताशयात तो साठतो आणि चरबीचे बारीक थेंब करून तिच्या पचनाला मदत करतो. तो बाटलीत भरता येतो, मोजता येतो. आयुर्वेदातलं पित्त पाच प्रकारचं सांगितलं आहे आणि त्यांच्या जागाही सांगितल्या आहेत. पाचक पित्त जठर आणि आतड्यांच्या मधल्या भागात, रंजक यकृत-प्लीहेत, साधक हृदयात, आलोचक डोळ्यांत आणि भ्राजक त्वचेत. यात सगळीकडे ‘बाइल’ घालून वाचा. डोळ्यांतलं बाइल पाहायला मदत करतं, हृदयातलं बाइल बुद्धीला! वाचणारा हसणार आणि पुस्तक मिटणार. पण ज्या विधानाला तो हसला ते मूळ ग्रंथात नव्हतंच. ते भाषांतरकाराने तयार केलं.

‘दोष’ या शब्दाचंही तसंच. मराठीत दोष म्हणजे खोट, त्यामुळे ‘डिफेक्ट’ सुचतं. पण दोष समस्थितीत असताना शरीर चालवतात, असं ग्रंथ सांगतात. ते बिघडले की इतरांना बिघडवतात. इथे ‘दोष’ची व्युत्पत्ती बिघडवणारा अशी घेतात, बिघडलेला अशी नाही. इंग्रजी भाषांतरांत फार वर्षांपासून ‘ह्यूमर’ हा शब्द रुळला आहे. तो ग्रीक वैद्यकातून आला, आणि येताना तिथली चौकट घेऊन आला. ग्रीकांचे चार द्रव म्हणजे रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. त्यांत वात नाही. उलट आयुर्वेदात वात सगळ्यांना हलवणारा मानला आहे आणि रक्ताची गणना तीन दोषांत होत नाही (सुश्रुत रक्ताला जवळजवळ त्या पंक्तीला बसवतो, हे खरं). शिवाय वात हा द्रव नाहीच. तेव्हा ‘ह्यूमर’ म्हटलं की वाचक एका अनोळखी खोलीत शिरतो आणि समजतो की ही तर आपल्याच ओळखीची.

हल्ली उलट दिशेची चूकही जोरात आहे. वात म्हणजे मज्जासंस्था, पित्त म्हणजे एन्झाइम्स, कफ म्हणजे रोगप्रतिकारशक्ती, असे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. आपल्या शास्त्राला मान मिळावा ही त्यामागची इच्छा मला कळते. पण संशोधक म्हणून मला हे ‘बाइल’पेक्षा जास्त खटकतं. ‘बाइल’ने ग्रंथ हास्यास्पद होतो. ‘एन्झाइम’ने मात्र न केलेले प्रयोग ग्रंथाच्या खात्यावर जमा होतात. दोघांत संबंध असेल तर तो दाखवावा लागेल, आणि दाखवायचं तर आधी दोन शब्द वेगळे ठेवावे लागतील. भाषांतरातच बरोबरीचं चिन्ह टाकलं की तपासायला काही उरत नाही.

‘प्रकृती’च्या बाबतीत असा तपास झालेला आहे. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी इतर संस्थांबरोबर केलेला एक अभ्यास २०१५ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला. त्यांनी ३४१६ जणांची प्रकृती तपासली आणि वर्गीकरण स्पष्ट होईल असे २६२ पुरुष निवडून त्यांच्या जनुकीय फरकांची तुलना केली. तीन गटांत ५२ ठिकाणी लक्षणीय फरक आढळले. निष्कर्ष रंजक आहे, त्याची इतरत्र पुनरावृत्ती व्हायला हवी, वगैरे चर्चा वेगळी. मला त्या गळतीकडे लक्ष वेधायचं आहे. ३४१६ मधून २६२ उरतात. ग्रंथांतही तीन एकेरी प्रकृतींबरोबर तीन दुहेरी आणि एक सम अशा सात सांगितल्या आहेत. ‘बॉडी टाइप’ म्हटल्यावर मात्र डोळ्यांसमोर तीन खोके येतात, आणि दहा प्रश्नांची ऑनलाइन चाचणी प्रत्येकाला त्यातल्या एका खोक्यात बसवून तेल विकते.

त्या चाचण्यांमधला एक प्रश्न हमखास असतो: तुमची त्वचा कोरडी आहे का? डिसेंबर महिन्यात, घरात चोवीस तास हीटर चालू असताना, इथे कोणाची त्वचा कोरडी नसते? त्या महिन्यात आपण सगळेच वातप्रकृतीचे. वैद्य विचारतात ते वेगळं असतं: पहिल्यापासून, लहानपणापासून कशी आहे? प्रकृती म्हणजे जन्मापासूनचा कल आणि विकृती म्हणजे आजचा बिघाड, हा भेद इंग्रजी प्रश्नातल्या साध्या वर्तमानकाळात गळून पडतो. त्यात आपण मराठीत ‘प्रकृती कशी आहे?’ हे ‘तब्येत कशी आहे?’ या अर्थाने विचारतो, म्हणजे आपल्याच बोलण्यात तो भेद आधीच पुसट झालेला आहे. (जाता जाता: शोधनिबंध धुंडाळायचे असतील तर रोमन लिपीत ‘प्रक्रिती’ असं लिहून शोधा. आपल्या उच्चाराप्रमाणे ‘रु’ लिहिलंत तर बरंच काही निसटेल.)

‘पथ्य’ तर मराठीत जवळजवळ उलटं झालं आहे. मूळ अर्थ हितकर, मानवणारं. टाळायचं ते अपथ्य. आपण मात्र ‘काही पथ्य आहे का?’ म्हणतो तेव्हा ‘काय बंद आहे?’ असं विचारत असतो. इंग्रजीत त्याचं ‘डाएट’ केलं की ऐकणाऱ्याला वजन कमी करण्याचा बेत वाटतो; ‘रिस्ट्रिक्शन’ केलं की बंदी. दोन्हींत हरवतं ते हे, की पथ्य नेहमी कुणासाठी तरी, कशासाठी तरी आणि केव्हासाठी तरी असतं. रात्री दही नको म्हणणारे तेच ग्रंथ मूळव्याधीत ताक आवर्जून देतात. ‘आयुर्वेदात दही वाईट’ असं वाक्य इंग्रजीत वाचलंत तर समजा की वाटेत दोन-तीन अटी सांडल्या आहेत.

हा शब्द परतीच्या प्रवासातही दगा देतो. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असतं. आहारतज्ज्ञ सांगतात की पालक, मेथी, कोबी अशा भाज्यांचं रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा, कारण त्यांतलं के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करतं आणि औषधाचा डोस त्या हिशेबाने बसवलेला असतो. घरी येऊन आपण सांगतो, “बाबांना पालेभाजीचं पथ्य आहे.” बाबा पालेभाजी पूर्ण सोडतात. के जीवनसत्त्व घटतं, डोस तोच राहतो, आयएनआर वर चढतो. मग हिरड्यांतून रक्त, अंगावर न आपटता काळेनिळे डाग, कधी त्याहून वाईट रक्तस्राव. आहारतज्ज्ञांचं सांगणं ‘बंद’ नव्हतं, ‘सारखं’ होतं. तेव्हा घरी ‘पथ्य’ न म्हणता “आठवड्यातून जितक्या वेळा पालेभाजी खाता तितक्याच वेळा, तेवढीच खा, एकदम वाढवू नका आणि सोडूही नका” असं पूर्ण वाक्य सांगा, आणि फ्रिजवर मराठीत लिहून लावा.