रिफंड 'वरचा पैसा' नसतो

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या खात्यात ३८,४०० रुपयांचा इन्कम टॅक्स रिफंड आला. सहकाऱ्यांना चहा पाजला. आणि उरलेले थेट ऑप्शन्समध्ये. म्हटलं, वरचेच तर पैसे आहेत, गेले तर गेले!

वरचे कसले? ऑफिसात भाड्याच्या पावत्या वेळेत दिल्या नाहीत म्हणून जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, दरमहा १२,८०० रुपये जास्तीचा टीडीएस कापला गेला होता. त्या तीन महिन्यांत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही पुढे ढकललं. पगारातून गेले तेव्हा घाम होता, परत आले तेव्हा लॉटरी.

पहिल्या एक्सपायरीला निफ्टीच्या कॉलचे दोन लॉट, म्हणजे १५० नग, ८४ ला घेतले, १२० ला विकले. ५,४०० सुटले. खरा घात इथे झाला. पुढच्या आठवड्यात पाच लॉट, ८० च्या भावाने ३० हजारांचे. एक्सपायरीच्या दुपारी भाव १२. गेले २५,५००. आणि खरं सांगतो, फारसं दुखलंही नाही. 'माझे' गेलेच नव्हते ना!

रिचर्ड थेलर (अर्थशास्त्राचं नोबेल, २०१७) याला मनातला हिशेब म्हणतात. जुगारी जिंकलेला पैसा कसिनोचाच समजून खेळतो, तसं. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. पैसा पगाराचा की रिफंडचा, हे बाजार विचारत नाही.

पण मनात कप्पे करणं मुळात वाईट नाही हो. आमची आई दुधाचे, लाइट बिलाचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची, त्यावरच घर चाललं. चुकतं ते डब्यावरचं नाव. म्हणून आता रिफंडवर मी 'जानेवारी ते मार्चचा पगार' असं लिहितो आणि स्वतःला विचारतो, १ तारखेला पगारातून एवढे काढून कॉल घेतला असता का?

नुसत्या विचारण्यावर माझा भरवसा नाही. मोबाईल हातात आला की निश्चय कुठे राहतो? इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर रिफंडसाठी कुठलं बँक खातं निवडायचं ते आपल्या हातात असतं. मी डीमॅटला जोडलेलं खातं काढून गृहकर्जाचा हप्ता जातो ते निवडलं. तिथून ब्रोकरकडे पैसे न्यायचे तर आधी दुसऱ्या खात्यात वळवावे लागतात, तेवढ्यात डोकं थंड होतं. बोनसला हे जमत नाही, तो पगाराच्याच खात्यात येतो. त्यासाठी बायकोसोबत आधीच, दिवाळीच्या महिनाभर अगोदर, कशाला किती ते ठरवतो. पाच टक्के मौजेला, अगदी उडवायलाही. बाकीचे हप्त्याला.

यंदा पावत्या जानेवारीतच दिल्या. रिफंड आला ९६० रुपये.